पासष्ट टक्क्यांत कोणते पस्तीस सुटले?

प्रथमोपचाराच्या लेखी परीक्षेच्या दोन उत्तरपत्रिका समोर आहेत असं समजा. पेपर पन्नास प्रश्नांचा, एकेका गुणाचा. पहिल्या परीक्षार्थीला त्रेचाळीस गुण आहेत. त्रिकोणी पट्टी कुठे बांधायची, भाजल्यावर पाणी किती वेळ ओतायचं, मोडलेल्या हाताला आधार कसा द्यायचा, सगळं बरोबर. चुकलेल्या सातांपैकी एक प्रश्न असा होता: माणूस बेशुद्ध पडला आहे, हाकेला ओ देत नाही, मधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो आहे, तुम्ही काय कराल? त्याने लिहिलं, ‘श्वास चालू आहे, कुशीवर वळवून लक्ष ठेवीन.’ दुसऱ्याला फक्त तीस गुण. पट्ट्यांची नावं त्याला आली नाहीत, भाजण्याच्या प्रकारांत गोंधळ झाला. पण या प्रश्नाचं उत्तर त्याने बरोबर दिलं: मदत बोलावून लगेच छाती दाबायला सुरुवात करीन. उत्तीर्ण व्हायला पासष्ट टक्के लागत असतील तर पहिल्याला प्रमाणपत्र मिळतं आणि दुसरा घरी जातो.

माझं म्हणणं साधं आहे. प्रथमोपचाराच्या लेखी परीक्षेत थोडे प्रश्न असे हवेत की ते चुकले तर बाकीचे कितीही गुण असोत, प्रमाणपत्र मिळू नये. बेरजेने पास करण्याची पद्धत इतिहासाच्या पेपरला चालते, कारण एका प्रकरणातलं अज्ञान दुसऱ्या प्रकरणातल्या ज्ञानाने भरून निघालं तरी कुणाचं बिघडत नाही. इथे तसं नाही. पण असे अनिवार्य प्रश्न कोणते असावेत, किती असावेत आणि ते कसे लिहावेत, यात आपण चुकलो तर आहे त्यापेक्षा वाईट परीक्षा तयार होईल. म्हणून हा लेख त्या तपशिलाबद्दलच जास्त आहे.

प्रमाणपत्राचा प्रश्न कागदापुरता नाही हे आधी सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली, आणि ती पेटी राज्य सरकारमान्य प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी, तो माणूस कामाच्या वेळात कायम हाताशी असावा, असं म्हटलं. कंडक्टरचा बिल्ला काढतानाही प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात, धुळ्याच्या जिनिंगमध्ये, शहाद्याहून धडगावकडे घाट चढणाऱ्या एसटीत, कुणीतरी ‘हा माणूस सांभाळेल’ असं गृहीत धरून बसलेलं असतं. ते गृहीत या परीक्षेवर उभं आहे.

बेरजेची पद्धत आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बेसिक लाइफ सपोर्टच्या लेखी परीक्षेत पंचवीस प्रश्न असतात आणि ८४ टक्के लागतात, म्हणजे एकवीस. अट बरीच कडक आहे. तरी चार प्रश्न चुकवायची मुभा राहतेच, आणि ते चार कोणते हे परीक्षार्थी ठरवतो. त्यांच्याकडे पुतळ्यावर करून दाखवायची परीक्षा वेगळी असते, त्यात पायऱ्या चुकल्या तर पास होता येत नाही, म्हणून तिथे ते निभतं. आपल्याकडच्या अनेक वर्गांत मात्र पन्नास जणांत एक पुतळा असतो, पुतळ्याची छाती दाबली की कुरकुरते एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, आणि निकाल लेखी पेपरवरच लागतो. अशा ठिकाणी उत्तीर्णतेची टक्केवारी वाढवून काही साधत नाही. पंच्याऐंशी टक्के केले तरी पहिल्या परीक्षार्थीला त्रेचाळीस गुण आहेत, म्हणजे शहाऐंशी टक्के. तो पासच.

आता एक प्रसंग-प्रश्न पूर्ण उघडून बघू. वर्गात मी ज्या प्रकारचा प्रश्न विचारतो तसाच आहे, आणि आपल्याकडचाच आहे.

‘रात्रीचे साडेदहा. थ्री फेज लाइट आली म्हणून तुमचा चुलतभाऊ मोटार सुरू करायला विहिरीवर गेला. तुम्ही मागून पोचता तेव्हा तो स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटल्यासारखा उभा आहे, अंग थरथरतं आहे, पाय चिखलात. मेन स्विच दहा-बारा पावलांवर वेगळ्या खांबावर आहे. तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?’

पर्याय चार. अ: त्याला मागून धरून ओढाल आणि १०८ ला फोन कराल. ब: स्टार्टरचं लाल बटण दाबाल आणि १०८ ला फोन कराल. क: मेन स्विच बंद कराल आणि १०८ ला फोन कराल. ड: १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत लांब उभे राहाल.

चारही पर्यायांत १०८ मुद्दाम ठेवला आहे. ज्या पेपरात एकाच पर्यायात ‘१०८ ला फोन करा’ लिहिलेलं असतं, तिथे ज्याने वर्गात डुलक्या काढल्या तोही नेमका त्याच पर्यायावर खूण करतो. तीच गत सगळ्यात लांबलचक पर्यायाची. पेपर काढणारा बरोबर उत्तर काळजीपूर्वक, सगळे ‘जर-तर’ घालून लिहितो आणि चुकीची उत्तरं दोन शब्दांत उरकतो. स्पर्धा परीक्षांवर पोसलेली आपल्याकडची पोरं हे लगेच ओळखतात. त्यांना विजेबद्दल काही कळतं की नाही, हे अशा प्रश्नातून कळत नाही.

खरी मेख ‘ब’ मध्ये आहे. शहरात बसून पेपर काढणाऱ्याला तो पर्याय सुचतच नाही, आणि शेतकऱ्याला तोच सगळ्यात बरोबर वाटतो. लाल बटण दाबलं की मोटार बंद पडते हे त्याने हजारदा पाहिलेलं असतं. पण बटणाने फक्त मोटारीकडे जाणारा प्रवाह तुटतो. पेटीत वरून येणाऱ्या वायरींच्या टोकांवर वीज तशीच असते. त्या बाजूची वायर सोलून पेटीला लागली असेल तर बटण दाबल्यावरही पेटीत करंट राहणार, आणि बटण दाबणारा हात त्याच पेटीवर टेकलेला. म्हणजे हा चुकीचा पर्याय खोटा नाही, जिवंत आहे. लोक प्रत्यक्षात हीच चूक करतात. चुकीचे पर्याय असेच हवेत. ‘त्याच्या अंगावर पाणी ओताल’ असा पर्याय घातला तर तो कुणीच निवडणार नाही आणि चाराचे तीनच पर्याय उरतील.

मेन स्विच वेगळ्या खांबावर आहे, हेही प्रश्नात सांगायलाच हवं. अनेक शेतांवर मेन स्विच आणि स्टार्टर एकाच फळीवर असतात आणि दोन्ही पेट्या लोखंडाच्या. तिथे ‘मेन स्विच बंद करा’ हे पुस्तकी उत्तर देणारा माणूस स्वतःच चिकटायची भीती आहे. तिथे कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने हात सोडवणं किंवा उपकेंद्राला फोन करून लाइन बंद करवणं, एवढेच मार्ग उरतात. अकरा हजारांची तार तुटून पडली असेल तर लाकूडही नाही, लांबच राहायचं. हे तपशील प्रश्नात नसतील तर जाणकार परीक्षार्थी मनातल्या मनात आपल्या शेतातली फळी बघून उत्तर देईल आणि चूक ठरेल. ज्या प्रश्नावर प्रमाणपत्र अडणार आहे, त्या प्रश्नात अशी संदिग्धता ठेवणं अन्याय आहे. म्हणून माझा आग्रह असा की अनिवार्य प्रश्न छापण्याआधी तो विषय रोज हाताळणाऱ्या एका माणसाला दाखवावा. विजेचा असेल तर वायरमनला, सापाचा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना.

प्रसंगाचा दुसरा टप्पा: ‘पुरवठा तुटला आहे. तो खाली पडला. हाका मारल्या, खांदे हलवले, प्रतिसाद नाही. तोंड उघडं आहे. काही सेकंदांनी एकदा जबडा हलतो आणि मोठा आचका येतो. मधल्या वेळात छाती हलत नाही. आता?’

लेखाच्या सुरुवातीला ज्या प्रश्नावर दोन उत्तरपत्रिका वेगळ्या झाल्या, तो हाच. विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं, रक्त पुढे ढकललं जात नाही. अशा वेळी पहिली काही मिनिटं मेंदूच्या तळाकडून हे आचके येत राहतात. त्यांनी फुप्फुसात कामाची हवा जात नाही. पण बघणाऱ्याला ते श्वासासारखे दिसतात, आणि भोवतीचं कुणीतरी म्हणतंच, ‘थांबा, त्याना श्वास चालू शे.’ त्या एका वाक्यावर सगळे थांबतात. प्रशिक्षण घेतलेला माणूस जास्तच थांबतो, कारण त्याला शिकवलेलं असतं की श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचं. म्हणून या प्रश्नात ‘कुशीवर वळवून लक्ष ठेवाल’ हा पर्याय हवाच. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं हे पर्याय त्याच्यापुढे दुबळे आहेत. वर्ग केलेला माणूस त्यांना भुलत नाही. तो भुलतो अर्ध्या शिकवणीला.

बरोबर उत्तर: प्रतिसाद नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही, एवढं दहा सेकंदांत बघायचं, फोन स्पीकरवर टाकून १०८ लावायचा आणि छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाबायला लागायचं. चुकून हृदय चालू असलेल्या माणसाची छाती दाबली गेली तर सहसा दुखापत किरकोळ होते. हृदय थांबलेल्या माणसाला कुशीवर झोपवून ठेवलं तर तो हातचा जातो. दोन चुकांची किंमत इतकी विषम आहे, म्हणून हा प्रश्न अनिवार्य.

तिसरा टप्पा: ‘१०८ यायला वेळ आहे, तुम्ही दोघं आहात, पहिला दमला. किती वेळाने अदलाबदल कराल?’ दोन मिनिटांनी. चांगला प्रश्न आहे, विचारावा, गुण द्यावेत. पण अनिवार्य करू नये. ज्याने पाच मिनिटं लिहिलं तोही छाती दाबतोच आहे. दाब हळूहळू उथळ होईल, काम बंद पडणार नाही. तीस वेळा छाती दाबून दोनदा तोंडाने श्वास द्यायचा, हे ३०:२ चं प्रमाणही याच खात्यात. त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी २०१७ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबायला सांगितलं आहे. इतर अभ्यासक्रमांत ३०:२ शिकवतात, आणि पाण्यात बुडालेल्या माणसाला किंवा लहान मुलाला श्वास देणं महत्त्वाचं असतंच. जिथे शिकवणाऱ्यांच्याच पद्धती वेगवेगळ्या आहेत, तिथे परीक्षार्थीला ‘हे चुकलास, नापास’ म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही. सगळ्या पद्धती ज्या एका गोष्टीवर एकमत आहेत, तेवढीच अनिवार्य यादीत जावी.

टप्प्यांच्या प्रश्नांत एक व्यावहारिक घोळ नेहमी होतो. दुसऱ्या टप्प्याचं पहिलंच वाक्य ‘पुरवठा तुटला आहे’. तो प्रश्न पहिल्याच्या खाली छापला की पहिल्याचं उत्तर फुटलं. हुशार परीक्षार्थी आधी पान शेवटपर्यंत वाचतो आणि मग उलटा वर येत उत्तरं देतो. त्यामुळे टप्पे वेगळ्या कागदांवर हवेत, पहिला कागद जमा केल्यावर दुसरा हातात द्यावा. पन्नास जणांच्या वर्गात हे कटकटीचं आहे हे मान्य. मग निदान पहिला आणि दुसरा टप्पा वेगवेगळ्या प्रसंगांवर बेतावा: विजेचा प्रश्न शेतातला, आचक्यांचा प्रश्न बाजार समितीत कोसळलेल्या हमालाचा. एका टप्प्यावर चुकला म्हणून पुढचे टप्पेही हातून जावेत, अशी साखळी मात्र ठेवू नये. एकाच अज्ञानाचा दंड तीनदा वसूल होतो.

किती प्रश्न अनिवार्य असावेत? इथे बऱ्याच संयोजकांचा उत्साह आवरावा लागतो. एकदा ‘अनिवार्य’ ही सोय हाती आली की प्रत्येकाला आपला आवडता प्रश्न त्यात हवा असतो आणि यादी पंधरा-वीसवर जाते. साधं गणित करू. ज्याला विषय चांगला येतो तोही वाचण्याच्या घाईत, खूण करण्याच्या गडबडीत प्रत्येक प्रश्नात पाच टक्के वेळा चुकतो असं धरा. अनिवार्य प्रश्न पाच असतील तर अशा शंभर जाणकारांपैकी सत्त्याहत्तर पहिल्या फटक्यात सुटतील. पंधरा असतील तर फक्त शेहेचाळीस. म्हणजे निम्म्याहून जास्त जाणकार माणसं अडली, आणि अडली ती घाईने, अज्ञानाने नाही. असं एक-दोनदा झालं की संयोजक वैतागून परीक्षेआधी ते पंधरा प्रश्न फळ्यावर लिहून देतो, आणि अट कागदावरच राहते.

उलट बाजूला अंदाज आहे. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी चारात एकदा बरोबर येते. म्हणून पाच निर्णय निवडावेत आणि प्रत्येकावर दोन वेगळे प्रसंग पेपरात लांब-लांब ठेवावेत. दोन्ही बरोबर आले तरच तो निर्णय पक्का. नुसत्या अंदाजाने दोन्ही बरोबर यायची शक्यता सोळात एक. एक चुकला आणि एक बरोबर आला तर परीक्षकाने दोन मिनिटं समोर बसवून तोंडी विचारावं. घाई होती की समज कच्ची, ते लगेच कळतं. वरच्याच पाच टक्क्यांच्या हिशोबाने शंभर जाणकारांत असे मधले लोक चाळीसेक निघतील, पण एकेकाला दोनच मिनिटं लागतात आणि घाईमुळे कुणी अडत नाही.

माझे पाच निर्णय कोणते, तेही सांगतो. पहिला, स्वतः बळी न पडणं: वीज, आणि गाळ काढायला उतरलेला माणूस खाली कोसळतो अशी बंद पडलेली विहीर. आपल्याकडच्या बातम्यांत एकामागोमाग गेलेले दोघे-तिघे असतात, ते यामुळेच. दुसरा, आचक्यांचा. तिसरा, भळभळ वाहणारं रक्त: कडबाकुट्टीत हात गेला तर हळद-चहापत्ती शोधत न बसता कापडाने जखमेवर थेट जोरात दाबून धरणं. चौथा, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही न घालणं. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर ऊन लागून कुणी पडलं की दहा बाटल्या पुढे येतात, आणि ते पाणी श्वासनलिकेत जातं. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारून वारा घालायचा असतो. पाचवा, साप चावल्यावर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव न हलवता प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं.

तिसरा आणि पाचवा दोन्ही यादीत ठेवण्यामागे हेतू आहे. न थांबणाऱ्या रक्तस्रावात हाताला-पायाला आवळपट्टी बांधणं आता बऱ्याच अभ्यासक्रमांत शिकवतात आणि ते योग्यही आहे. सर्पदंशात तेच बांधणं घातक. दुपारच्या जेवणानंतर हे दोन्ही धडे लागोपाठ झाले की संध्याकाळच्या पेपरात ते हमखास एकमेकांत मिसळतात. उत्तरपत्रिका तपासताना ‘साप चावला, वर घट्ट बांधावं, दर वीस मिनिटांनी सैल करावं’ असं अगदी सफाईदार अक्षरात लिहिलेलं सापडतं. हा परीक्षार्थी अशिक्षित नाही. त्याला अर्धवट शिकवलं गेलं आहे, आणि बेरजेच्या पद्धतीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सापाच्याच बाबतीत एक प्रश्न मी यादीबाहेर ठेवीन, आणि त्यावर काही सहकारी माझ्याशी भांडतात. पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर जमिनीवर झोपलेली मुलगी पहाटे पोट दुखतंय म्हणून उठते. उलटी होते. थोड्या वेळात पापण्या जड होतात, डोळे उघडे ठेवता येत नाहीत, बोलणं जड येतं. अंगावर सूज नाही, दंशाची खूण दिसत नाही. हे मण्यारचं लक्षण. तिचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही, आणि घरचे ओवा-सोडा देत बसतात. हा प्रसंग पेपरात असायलाच हवा. प्रश्नात ‘साप’ हा शब्दही न घालता विचारावा, कारण घरात तो शब्द कुणी सांगायला येत नाही. पण यात परीक्षार्थीला निदान करायचं आहे. पडलेल्या पापण्या आणि पोटदुखी जोडायला अनुभवी डॉक्टरलाही क्षणभर थांबावं लागतं. प्रथमोपचारकाकडून कृतीची खात्री मागणं रास्त आहे, निदानाची मागणं रास्त नाही. ‘साप चावला आहे हे माहीत असताना काय करू’ हे अनिवार्य, ‘हा सर्पदंशच असेल का’ हे भरपूर गुणांचं पण ऐच्छिक बाजूचं. सहकाऱ्यांचा मुद्दा असा की नंदुरबारकडे याच प्रसंगात जीव जातात, मग तो यादीत का नको. जीव जातात हे खरं. पण जो प्रश्न बरोबर शिकवूनही चांगली माणसं चुकवतात, तो शिकवण्याची वेळ वाढवायला सांगतो. माणसं गाळायला सांगत नाही.

भाषेचं एक सांगायलाच हवं. आपल्याकडे पेपर मराठीत असतो म्हणून तो सोपा आहे असं आपण समजतो. परीक्षार्थी घरी अहिराणी बोलतो, किंवा पावरी, किंवा भिली, आणि पेपरात असतं ‘जखमी व्यक्तीची ग्लानी अवस्था लक्षात घेता खालीलपैकी कोणती कृती करू नये?’ मराठीत तो ‘नये’ वाक्याच्या अगदी टोकाला येतो. घाईत वाचणारा ‘कोणती कृती करू’ एवढं वाचून पहिली योग्य कृती निवडतो. अनिवार्य प्रश्नांत नकारार्थी विचारणा अजिबात असू नये. आणि ज्याला वाचायला जड जातं त्याला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय हवी. त्याच्या वाचनाची परीक्षा शाळेत झाली आहे.

नेहमीचा आक्षेप असा येतो की आधीच कुणी या वर्गाला येत नाही. त्यात एका प्रश्नासाठी नापास केलं तर कारखाने माणसं पाठवणार नाहीत. नापास करायचं कुणी म्हणत नाही. अनिवार्य निर्णय चुकला तर फक्त तो निर्णय पुन्हा शिकवावा, दहा मिनिटं पुतळ्यापाशी न्यावं, आणि त्याच दिवशी त्याच निर्णयावरचा वेगळा प्रसंग विचारावा. तोच प्रश्न पुन्हा दिला तर तो उत्तर पाठ करून येईल. म्हणून प्रत्येक निर्णयासाठी पाच-सहा प्रसंग आधीच लिहून ठेवावे लागतात. काम आहे, पण एकदाच करायचं. सबंध पेपर पुन्हा द्यायला लावणं ही मात्र शिक्षा आहे, आणि तिने काही शिकवलं जात नाही. त्याच दिवशी दुसऱ्यांदाही चुकला तर प्रमाणपत्र पुढच्या वर्गापर्यंत थांबावं. त्यात कारखान्याचं एक दिवसाचं नुकसान आहे, तेवढं त्यांनी सोसावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कागदावर बरोबर लिहिणारा प्रत्यक्षात गोठतो. बरोबर आहे. कागदावर बरोबर असण्याने हात चालतील याची हमी मिळत नाही. पण ज्याने शांत हॉलमध्ये, पंख्याखाली, चहा पिऊन ‘कुशीवर वळवीन’ लिहिलं, तो रात्री चिखलात त्याहून बरं काही करेल ही आशा फार पातळ आहे. लेखी परीक्षा एवढंच सांगू शकते की निर्णय चुकीचा आहे. हात चांगले आहेत हे पुतळा सांगतो. दोन्हींचा निकाल वेगळा लागावा आणि प्रमाणपत्रासाठी दोन्ही स्वतंत्रपणे पार करावे लागावेत. पुतळ्यावरचे गुण लेखीत मिसळून सरासरी काढण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती पहिल्यांदा बंद करावी.

उत्तरसूचीवर तारीख असावी, ही शेवटची मागणी. प्रथमोपचाराचे नियम बदलत असतात. आवळपट्टी एकेकाळी वर्ज्य होती, मग परत आली. जुन्या पुस्तकावरून शिकलेला शिक्षक आणि नव्या सूचीवरून तपासणारा परीक्षक यांच्यात परीक्षार्थी भरडला जाऊ नये, म्हणून अनिवार्य प्रश्नाच्या सूचीवर ती कधी आणि कोणत्या मार्गदर्शक सूचनांवरून ठरवली, हे एका ओळीत छापलेलं असावं, आणि परीक्षार्थीला मागितल्यावर ते दाखवावं. जिथे अनिवार्य प्रश्नाचं उत्तर विवाद्य ठरेल, तिथे तो प्रश्न त्या वर्गापुरता रद्द करून त्या निर्णयावर सगळ्यांना तोंडी विचारावं. हे सगळं एका दिवसाच्या वर्गात बसवायचं तर सकाळचा उद्घाटनाचा तास कापावा लागेल. तो कापायला कुणाची हरकत नसावी.